नऊ नंबरचं काम, दहा नंबरचा माणूस

२९ एप्रिल १९३३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कपचा अंतिम सामना झाला. एका बाजूला एव्हर्टन, दुसऱ्या बाजूला मँचेस्टर सिटी. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर आकडे दिसण्याची ती पहिलीच वेळ होती. पण दोन्ही संघांना १ ते ११ दिले नव्हते. एव्हर्टनला १ ते ११ मिळाले आणि सिटीला १२ ते २२. एव्हर्टनच्या गोलरक्षकाचा नंबर १, तर सिटीच्या गोलरक्षकाचा २२. सिटीची मोजणी उलटी होती. पुढच्या फळीतल्या डाव्या टोकापासून सुरू होऊन ती मागे गोलरक्षकापाशी संपत होती.

एव्हर्टनचा सेंटर फॉरवर्ड होता डिक्सी डीन. १९२७-२८ च्या एकाच हंगामात त्याने लीगमध्ये ६० गोल केले होते आणि तो विक्रम इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत आजही मोडलेला नाही. डीनच्या पाठीवर ९ होता. त्याच जागी खेळणाऱ्या सिटीच्या खेळाडूच्या पाठीवर १४. एव्हर्टनने सामना ३-० असा जिंकला आणि त्यातला एक गोल डीनचा होता. ही २२ आकड्यांची पद्धत टिकली असती, तर प्रत्येक सामन्यातल्या दोन सेंटर फॉरवर्डना वेगवेगळे नंबर मिळाले असते आणि ‘नऊ नंबर’ या शब्दांना काही अर्थच उरला नसता. अर्थ यायचा तर दोन्ही बाजूंना एकाच कामासाठी एकच आकडा लागतो. तो कुठून आला, हे समजायला आकड्यांच्या आधीचा प्रेक्षक सामना कसा बघायचा ते पाहावं लागतं.

छापील कागदावरचा संघ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सामन्याला गेलेला माणूस दारात एक छापील पत्रक विकत घ्यायचा. त्यात दोन्ही संघांची नावं यादीसारखी एकाखाली एक नसायची, तर मैदानाच्या आराखड्यात मांडलेली असायची. सर्वांत मागे गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन बॅक, मग तीन हाफबॅक, आणि शेवटी पाच फॉरवर्ड. त्या काळी जवळपास सगळेच संघ याच रचनेत उभे राहत. त्यामुळे डाव्या टोकाला पळणारा कोण, हे त्याचा चेहरा न दिसताही पत्रकावरच्या त्या जागेचं नाव वाचून कळत असे. पाऊस, धुकं, चिखल आणि दूरवरचं स्टँड अशा परिस्थितीत खेळाडू ओळखण्याचा दुसरा उपाय नव्हता.

याची अडचण उघड आहे. खेळाडूने जागा सोडली की पत्रक निरुपयोगी. आर्सेनलचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन याने खेळाडूंच्या पाठीवर आकडे लावून पाहायचं ठरवलं. २५ ऑगस्ट १९२८ ला हंगामाच्या पहिल्याच दिवशी आर्सेनलचा संघ शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध आकडे लावून उतरला आणि ३-२ असा हरला. त्याच दिवशी लंडनमध्ये चेल्सीनेही स्वान्सी टाऊनविरुद्ध आकडे वापरले आणि सामना ४-० ने जिंकला. जगात हा प्रयोग अगदी पहिला होता असं नाही. ऑस्ट्रेलियात १९११ पासूनच आकडे लावल्याच्या नोंदी आहेत. पण पुढे जगभर पसरलेली पद्धत इंग्लंडच्या लीगमधून आली.

इंग्लंडच्या लीगला मात्र ही कल्पना पचायला अकरा वर्षं लागली. वेगळ्या कापडाचे आकडे शिवायचे म्हणजे खर्च, शिवाय क्लबच्या रंगांची शोभा जाते, असे आक्षेप होते. १९३९ च्या जूनमध्ये लीगच्या वार्षिक सभेत मतदान झालं. २४ विरुद्ध २० अशा निसटत्या बहुमताने आकडे सक्तीचे ठरले. १९३३ ची १ ते २२ ही पद्धत बाजूला पडली आणि प्रत्येक संघाला १ ते ११ मिळाले.

हे अकरा आकडे वाटताना कोणी नवा विचार केला नाही. पत्रकातला जुना आराखडाच मागून पुढे आणि उजवीकडून डावीकडे मोजला. गोलरक्षक १. उजवा बॅक २, डावा बॅक ३. मग हाफबॅकची फळी: उजवा ४, मधला ५, डावा ६. आणि फॉरवर्डची फळी: उजव्या टोकाचा ७, त्याच्या आतला ८, मधला ९, डावीकडे आतला १०, डाव्या टोकाचा ११. ९ हा सेंटर फॉरवर्डचा आकडा होण्यामागे एवढंच कारण आहे. पाच जणांच्या पुढच्या फळीतला तो तिसरा होता आणि त्याच्याआधी मोजण्यासारखे आठ जण होते. १० तर फक्त त्याच्या डाव्या हाताचा जोडीदार.

लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे सुरुवातीला आकडा माणसाचा नव्हताच, तो जागेचा होता. शनिवारी जो सेंटर फॉरवर्ड खेळेल, त्याला नऊ नंबरची जर्सी. तो जखमी झाला तर पुढच्या शनिवारी तीच जर्सी दुसऱ्याच्या अंगावर. जर्सीवर नावही नसे.

आराखडा सरकला, आकडे तिथेच राहिले

गंमत अशी की ज्या आराखड्यावरून हे आकडे मोजले, तो सक्ती होण्याआधीच जुना झाला होता. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पुढे उभ्या खेळाडूकडे पास देताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन जण असावे लागत. ते आता दोन पुरेसे झाले. सेंटर फॉरवर्डला गोलच्या कितीतरी जवळ उभं राहता येऊ लागलं आणि गोलांचा पाऊस पडू लागला. डीनचे ६० गोल या बदलानंतरच्या तिसऱ्या हंगामातले आहेत.

संघांनी यावर उपाय काढला तो बचावाचा. चॅपमनच्या आर्सेनलने हाफबॅकच्या फळीतल्या मधल्या माणसाला, म्हणजे पुढे ज्याला ५ मिळायचा होता त्याला, मागे खेचून दोन बॅकच्या मधोमध उभं केलं. त्याचं काम एकच: समोरच्या सेंटर फॉरवर्डला सोडायचं नाही. मधली फळी रिकामी पडली म्हणून पुढच्या फळीतले आतले दोघे, ८ आणि १०, थोडे मागे सरकले. ७, ९ आणि ११ पुढेच राहिले.

त्यामुळे इंग्लंडमध्ये ५ हा बचावपटूचा आकडा झाला. दक्षिण अमेरिकेत तसं झालं नाही. अर्जेंटिनात आजही ५ म्हणजे बचावाच्या पुढे उभा राहून चेंडू अडवणारा आणि पुढे वाटणारा मधल्या फळीचा खेळाडू, कारण तिथे मागे सरकले ते वेगळे लोक. तिथल्या चौघांच्या बचावफळीत मधले दोघे २ आणि ६ नंबरचे असतात, तर कडेचे ४ आणि ३. इंग्लंडच्या माणसाला हे आकडे विस्कटलेले वाटतात आणि अर्जेंटिनाच्या माणसाला इंग्लंडचे. दोघांची सुरुवात एकाच आराखड्यातून झाली आहे. जागा बदलताना कोण मागे गेला, त्याचा इतिहास त्या आकड्यांत उरला आहे.

मधल्या आकड्यांची अशी देशोदेशी पळापळ झाली, पण १ आणि ९ हलले नाहीत. गोलरक्षक कुठे जाणार? आणि रचना कोणतीही असो, गोलच्या सर्वांत जवळ एक माणूस लागतोच. म्हणून ब्राझील असो, इटली असो की इंग्लंड, नऊ नंबर म्हणजे गोल करणारा, हा समज सगळीकडे सारखा झाला.

नऊ नंबरवर विसंबलेला बचाव

हा समज किती पक्का झाला होता, ते २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर कळलं. पाहुणा संघ होता हंगेरी, १९५२ चा ऑलिंपिक विजेता. तोवर इंग्लंडला घरच्या मैदानावर ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने हरवलं नव्हतं.

इंग्लंडचा बचाव आकड्यांच्या जोड्यांवर चालायचा. आपला ५ त्यांच्या ९ वर, आपला २ त्यांच्या डाव्या टोकाच्या ११ वर, आपला ३ त्यांच्या ७ वर. मैदानाच्या आराखड्यात हे खेळाडू समोरासमोर येत असल्यामुळे आकडा हाच पत्ता होता. प्रत्येकाने आपापला पत्ता सांभाळला की बचाव पूर्ण.

त्या दिवशी इंग्लंडच्या ५ नंबरच्या जर्सीत ब्लॅकपूलचा हॅरी जॉन्स्टन होता. हंगेरीच्या ९ नंबरच्या जर्सीत नांदोर हिदेगकुटी. पण हिदेगकुटी ९ नंबरच्या जागी उभाच राहत नव्हता. तो मधल्या फळीपर्यंत मागे येऊन चेंडू घेत होता. खरे गोल करणारे होते त्याच्या दोन बाजूंचे, ८ नंबरचा शांदोर कोचिश आणि १० नंबरचा फेरेन्स पुश्काश. म्हणजे पुढच्या फळीचा आकार उलटा झाला होता. मधला मागे आणि आतले दोघे पुढे.

आता जॉन्स्टनने काय करायचं? हिदेगकुटीच्या मागे जावं, तर बचावाच्या मधोमध भगदाड पडतं आणि त्यात कोचिश नाहीतर पुश्काश शिरतो. जागेवर थांबावं, तर ज्याला अडवायचं तो हिदेगकुटी वीस-पंचवीस यार्डांवर मोकळा. त्याला वळायला, बघायला आणि पुढे धाव घ्यायला पुरेसा वेळ मिळतो. दोन्ही निर्णय चुकीचे ठरतात, कारण चूक जॉन्स्टनची नव्हती. जोड्या लावण्याच्या पद्धतीतच या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मधल्या फळीतल्या कोणीतरी हिदेगकुटीला घ्यायचं असं ठरलं असतं तर गोष्ट वेगळी, पण ४ आणि ६ यांना त्यांचे पत्ते आधीच दिलेले होते.

पहिल्या मिनिटातच हिदेगकुटीने गोल केला. सामना संपला तेव्हा त्याचे तीन गोल झाले होते आणि हंगेरी ६-३ ने जिंकली होती. सहा महिन्यांनी बुडापेस्टला झालेल्या परतीच्या सामन्यात इंग्लंड ७-१ ने हरलं.

हंगेरीने पाठीवरच्या आकड्याचा वापर जवळजवळ हूल देण्यासाठी केला, असं म्हणता येईल. पण ही हूल चालली, कारण नऊ नंबर म्हणजे काय यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. ज्या खुणेचा अर्थ ठरलेला नाही, तिने कोणाला फसवता येत नाही. पुढे फुटबॉलच्या भाषेत ‘फॉल्स नाइन’, म्हणजे खोटा नऊ, असा शब्दच रूढ झाला. खोटा सात किंवा खोटा चार असं कोणी म्हणत नाही.

याच डावपेचाचं एक ठळक रूप २ मे २००९ ला माद्रिदमध्ये दिसलं. बार्सिलोनाचा प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला याने रेआल माद्रिदविरुद्ध आपल्या ९ नंबरच्या सॅम्युअल एटोला उजव्या कडेला पाठवलं आणि १० नंबरच्या लिओनेल मेस्सीला मध्ये आणलं. मेस्सी मध्ये आला तो थांबायला नाही, मागे सरकायला. माद्रिदचे मधले दोन बचावपटू त्याच कोड्यात सापडले, ज्यात जॉन्स्टन सापडला होता. समोर अडवायला कोणीच नाही आणि मेस्सीच्या मागे जावं तर जागा सुटते. बार्सिलोना ६-२ ने जिंकली.

दहा नंबरची चिठ्ठी

नऊचा अर्थ असा कामातून आला. दहाची कथा वेगळी आहे आणि तिच्यात योगायोग बराच आहे.

आधी एक बदल व्हावा लागला. १९५४ च्या विश्वचषकापासून प्रत्येक देशाने आपल्या २२ खेळाडूंना १ ते २२ आकडे द्यायचे आणि ते संपूर्ण स्पर्धेत तेच ठेवायचे असा नियम आला. आता आकडा जागेचा उरला नाही, माणसाचा झाला. खेळाडू कुठेही खेळो, महिनाभर त्याच्या पाठीवर तोच आकडा. एखादा आकडा एखाद्या माणसाशी जोडला जाण्याची सोय यातून झाली.

चार वर्षांनी, १९५८ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकासाठी ब्राझीलने खेळाडूंची यादी पाठवली, पण तीत आकडे नव्हते. ते संघाबाहेरच्या माणसाने भरले. परिणाम असा की गोलरक्षक जिल्मारला ३ मिळाला. उजव्या कडेने धावणाऱ्या गारिंशाला ११ आणि डाव्या कडेच्या झगालोला ७, म्हणजे नेमके उलटे. मधल्या फळीचा सूत्रधार दिदी ६ नंबरचा झाला आणि सेंटर फॉरवर्ड वावा २०. नऊ नंबर गेला झोझिमो नावाच्या राखीव बचावपटूकडे. आणि १७ वर्षांच्या एका मुलाला १० मिळाला. त्याचं नाव पेले.

पेले दुखापतीमुळे पहिले दोन सामने खेळला नाही. तिसऱ्या सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध तो उतरला. उपांत्यपूर्व सामन्यात वेल्सविरुद्ध त्याचा एकमेव गोल निर्णायक ठरला, उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध दोन. एकूण सहा. त्यानंतर ब्राझीलने दहा नंबर दुसऱ्या कोणाला देण्याचा प्रश्नच उरला नाही. १९६२, १९६६ आणि १९७० च्या विश्वचषकातही पेलेच्या पाठीवर १० होता.

हा केवळ चिठ्ठी काढल्यासारखा प्रकार होता का? पूर्णपणे नाही. पेलेची जागा जुन्या आराखड्यातल्या डाव्या आतल्या फॉरवर्डच्या जवळची होती आणि त्या जागेचा आकडा १० च होता. आकडा वाटणाऱ्याने न कळत योग्य घरात टाकला. त्यातच या जागेचं स्वरूपही बदललं होतं. ब्राझीलमध्ये चाळीस-पन्नासच्या दशकांत जुन्या रचनेतल्या दोन आतल्या फॉरवर्डपैकी एक मधल्या फळीत उतरला आणि दुसरा पुढे सरकून सेंटर फॉरवर्डच्या मागे थांबू लागला. बहुतेक वेळा उतरणारा ८ आणि पुढे राहणारा १० असे. या दुसऱ्याच्या वाट्याला विलक्षण जागा आली. मधल्या फळीचं पूर्ण ओझं नाही आणि सेंटर फॉरवर्डसारखं पाठीला चिकटलेला बचावपटू घेऊन उभं राहणंही नाही. चेंडू मिळाला की त्याला पास, ड्रिबल आणि शॉट असे तिन्ही पर्याय असतात. संघातला सर्वांत हुशार माणूस तिथे ठेवावा, हे मग ओघानेच आलं.

म्हणजे जागा तयार होती. पण तिला जगभर ओळखता येईल असा आकडा पेलेने दिला. त्याच यादीने नऊ नंबर एका राखीव बचावपटूला दिला होता आणि झोझिमो त्या स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. त्याने नऊच्या अर्थाला धक्का लागला नाही, कारण तो अर्थ एखाद्या माणसावर अवलंबून नव्हता.

वर्णमालेने दिलेला दहा

दुसरा योगायोग वीस वर्षांनी घडला. १९७८ च्या विश्वचषकात यजमान अर्जेंटिनाने आडनावांच्या वर्णक्रमाने आकडे वाटले. भांडण नको, मान-अपमान नको. आलोन्सो हा मधल्या फळीचा खेळाडू, म्हणून त्याला १. आर्दिलेसला २. गोलरक्षक फिलोलला ५. कर्णधार पासारेल्ला १९ वर. या रांगेत दहावं आडनाव आलं मारिओ केम्पेसचं. त्याने सहा गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, त्यातले दोन अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध. अर्जेंटिना पहिल्यांदा विश्वविजेता झाला आणि विजयाच्या छायाचित्रांत पुन्हा एकदा १० दिसला. यावेळी तो केवळ रोमन लिपीतल्या अक्षरांच्या क्रमाने आला होता.

आणखी चार वर्षांनी, १९८२ ला, अर्जेंटिनाने पुन्हा वर्णक्रमाचीच पद्धत ठेवली. त्या क्रमाने एर्नांदेसला १०, केम्पेसला ११ आणि दिएगो मारादोनाला १२ यायला हवा होता. प्रत्यक्षात मारादोनाला १० दिला आणि एर्नांदेसने १२ घेतला. बाकी यादी तशीच राहिली, इतकी की आर्दिलेस हा मधल्या फळीचा खेळाडू १ नंबर घालून खेळला आणि फिलोल ७ घालून गोलमध्ये उभा राहिला.

दहा नंबरच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा क्षण हाच आहे. १९५८ ला १० विनाकारण मिळाला. १९७८ ला तो नियमाने मिळाला. १९८२ ला तो मिळावा म्हणून नियम वाकवला. गोलरक्षकाने १ घालावा एवढ्या साध्या सोयीसाठी जी यादी हलली नाही, ती दहासाठी हलली. आकड्याला वजन आलं, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही. चार वर्षांनी मेक्सिकोत मारादोनाने तोच १० घालून अर्जेंटिनाला विश्वचषक मिळवून दिला आणि पुढच्या पिढीतल्या मुलांसाठी प्रश्न कायमचा मिटला.

जर्सी कोणाची?

क्लबांमध्ये हे उशिरा घडलं. इंग्लंडमध्ये १९९३ पर्यंत दर सामन्याला १ ते ११ चीच पद्धत होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात खेळाडूंनी स्वतःचे ठरलेले आकडे आणि पाठीवर नावं घातली. सामना होता आर्सेनल आणि शेफिल्ड वेन्सडे यांच्यात, म्हणजे १९२८ च्या त्या पहिल्या प्रयोगातल्याच दोन संघांत. ऑगस्टपासून प्रीमियर लीगने ही पद्धत स्वीकारली. आता आकडा हंगामभर एकाचाच, आणि तो नावासकट विकताही येतो.

मालकी आली की वाटाघाटी आल्या. १९९६ मध्ये न्यूकासलने १ कोटी ५० लाख पौंड, म्हणजे तेव्हाची जगातली सर्वाधिक किंमत मोजून ॲलन शिअररला घेतलं. तिथे ९ नंबरवाल्या सेंटर फॉरवर्डची मोठी परंपरा आहे आणि तो आकडा लेस फर्डिनंडकडे होता. फर्डिनंडने तो शिअररला दिला आणि स्वतः १० घेतला. १९९८ मध्ये मिलानच्या इंटर क्लबात रॉबर्टो बॅजिओ आला आणि १० त्याच्याकडे गेला. १० घालणारा रोनाल्डो ९ कडे वळला आणि ९ घालणाऱ्या इव्हान झामोरानोला जागा सोडावी लागली. त्याने १८ घेतला आणि दोन अंकांच्या मध्ये छोटंसं अधिकचं चिन्ह लावून घेतलं. एक अधिक आठ. झिनेदिन झिदान फ्रान्सकडून १० घालून खेळे, पण युव्हेंटसमध्ये तो देल पिएरोचा होता म्हणून तिथे २१, आणि रेआल माद्रिदमध्ये तो फिगोचा होता म्हणून तिथे ५.

संकेत खरोखर आहे की नाही, हे तो मोडल्यावर कळतं. २००६ मध्ये आर्सेनलने विल्यम गालासला १० दिला आणि चेल्सीने खालिद बुलारूझला ९ दिला. दोघेही बचावपटू. नियमाने काहीच चुकलं नव्हतं. तरी त्यावर चर्चा झाली आणि आजही विचित्र नंबरांची यादी निघाली की ही दोन नावं येतातच. तेच बचावपटूंना १४ आणि २० दिले असते, तर कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

एकदा आकडा माणसाचा झाला की त्याच्यानंतर तो कोणालाच देऊ नये, अशी मागणी येते. नापोली क्लबने २००० मध्ये मारादोनाचा १० कायमचा काढून ठेवला. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने २००२ च्या विश्वचषकात तेच करून पाहिलं. फिफाने परवानगी दिली नाही. २३ जणांच्या संघाला १ ते २३ हे सगळे आकडे वापरावेच लागतील, असा नियम होता. शेवटी आरिएल ओर्तेगाने १० घातला.

क्रिकेटने हा दहा फुटबॉलच्या जागेशिवायच उचलला. पाठीवरचा आकडा फलंदाजीचा क्रम सांगत नाही. सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यांत सलामीला यायचा आणि घालायचा १०. तरी २०१७ मध्ये कोलंबोत पालघरचा शार्दूल ठाकूर पहिल्या एकदिवसीय सामन्यासाठी १० घालून उतरला, तेव्हा चाहते चिडले. पुढे त्याने ५४ घेतला. त्याने कुठली जागा घेतली नव्हती, कोणाचं काम चुकवलं नव्हतं. राग होता तो एका माणसाच्या खुणेला हात लावल्याचा.

फुटबॉलमध्ये आता शुद्ध दहा नंबरची जागाच आक्रसली आहे. विरुद्ध संघ वरपासून दबाव टाकतो, तेव्हा चेंडू हिसकावायला न धावणारा एक माणूस बाळगणं परवडत नाही. म्हणून त्या गुणांचे खेळाडू आता कडेला किंवा मधल्या फळीत खोलवर दिसतात. काम वाटलं गेलं, तरी जर्सीची ओढ कमी झालेली नाही, कारण पेलेनंतर ती कधीच पूर्णपणे कामावर उभी नव्हती. नऊचं मात्र तसं नाही. नऊ नंबर घातलेल्या खेळाडूचे गोल आटले की लोक पहिला प्रश्न जर्सीवरूनच विचारतात आणि क्लब नवा नऊ शोधायला लागतो. दहा नंबरवाला गेला की त्याची जर्सी भिंतीवर लावावी असं लोकांना वाटतं. नऊ नंबरवाला गेला की ती कोणाला द्यायची, याची चर्चा सुरू होते.